मुक्कामी गाडी आली नाही, तर

संप खरोखर लागला की नाही, हे पुण्याच्या आसपासच्या गावांना आदल्या रात्रीच कळतं. रात्री आठ-नऊच्या सुमारास येणारी मुक्कामी एसटी आली नाही, की सकाळची पहिली फेरी गेली म्हणून समजायचं. मुक्कामी गाडीचे चालक आणि वाहक गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी घेऊन शहराकडे निघतात. त्यामुळे संध्याकाळी आगारातून न सुटलेली गाडी सकाळी गावात उगवणं शक्य नसतं. बातम्यांमध्ये त्या वेळी अजून ‘चर्चा सुरू’ असते. पण ज्याला सकाळी नऊला शहरात हजर राहायचंच आहे, कुणाला दवाखान्यात पाळी आहे, कुणाचा पेपर आहे, कुणाची कोर्टात तारीख आहे, त्याने झोपण्याआधीच दुसरी वाट ठरवावी. पहाटे उठून शोधाशोध सुरू केली तर गावातून शहराकडे जाणारी निम्मी वाहनं तोवर निघून गेलेली असतात.

वाट ठरवण्याआधी एक गोष्ट नीट पाहायला हवी, ती म्हणजे संप नेमका कुणाचा आहे. संप म्हटलं की सगळंच बंद असं आपण धरून चालतो, आणि तिथे फसतो. मुंबईत जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा संप नऊ दिवस चालला तेव्हा बेस्टच्या गाड्या आगाराबाहेर पडल्याच नाहीत. पण ऑगस्ट २०२३ मध्ये बेस्टसाठी भाडेतत्त्वावर चालणाऱ्या खासगी बसच्या चालकांनी काम बंद केलं, तेव्हा बेस्टच्या स्वतःच्या गाड्या रस्त्यावर होत्या. एका थांब्यावर तासभर बस नाही आणि दुसऱ्या मार्गावर गाड्या चालू, अशी तेव्हाची स्थिती होती. पुण्यातही पीएमपीच्या काही गाड्या स्वतःच्या आहेत आणि काही ठेकेदारांच्या. म्हणून ‘पीएमपी बंद’ असं ऐकल्यावर आपल्या मार्गावर कुठल्या आगाराची, कुणाची गाडी येते हे ओळखीच्या वाहकाला विचारून ठेवलेलं बरं. रिक्षांचंही तसंच आहे. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी बेकायदा बाइक टॅक्सीच्या विरोधात पुण्यात रिक्षा थांबल्या, पण बसचा त्या मागणीशी संबंध नव्हता. रिक्षाचालकांच्या संघटना अनेक आहेत आणि एकीने पुकारलेल्या बंदमध्ये दुसरी असेलच असं नाही.

या लेखात मात्र अवघड दिवस धरू या. एसटी नाही, पीएमपी नाही आणि रिक्षाही नाही. अशा दिवशी माणूस पहिली चूक करतो ती ही, की तो बसच्या जागी दुसरं वाहन शोधतो. घरापासून कामाच्या दारापर्यंत नेणारं एकच वाहन त्याला हवं असतं. मग तो अॅपवर टॅक्सी शोधत बसतो. नकाशावर चार गाड्या दिसतात, पण त्या जागच्या हलत नाहीत; एखादी मिळते आणि पाच मिनिटांनी रद्द होते. भाडं नेहमीपेक्षा चढलेलं असतं ते वेगळंच. शहराबाहेरच्या गावात तर त्या गाड्या मुळात फिरकतच नाहीत. तास निघून जातो आणि लोकल चुकते.

खरं तर रस्ता बंद असला तरी रूळ चालू असतात. बसचा संप हा रेल्वेचा संप नसतो आणि मेट्रोचाही नसतो. रूळसुद्धा कधीतरी थांबतात, हे मुंबईकरांनी मे २०१० मध्ये मोटरमनच्या आंदोलनात अनुभवलं आहे. पण दोन्ही एकाच दिवशी थांबणं फार विरळा. म्हणून प्रवासाचे तीन तुकडे करायचे. मधला मोठा तुकडा रुळांवरून, आणि घरापासून स्टेशनापर्यंत व शेवटच्या स्टेशनापासून कामापर्यंत असे दोन छोटे तुकडे जमेल तसे. शोध घ्यायचा तो त्या छोट्या तुकड्यांसाठी. तीस किलोमीटर नेणारं वाहन मिळवण्यापेक्षा पाच-सहा किलोमीटर सोडणारं वाहन मिळवणं कितीतरी सोपं असतं, आणि तेही मिळालं नाही तर पाय आहेतच.

पुण्याच्या बाबतीत हा रुळांचा आधार गेल्या काही वर्षांत बराच वाढला आहे. लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. लोणावळ्याहून मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर असं करत ती पुण्यात येते. पूर्वेला दौंडकडून केडगाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर अशी गाडी येते. पूर्वी पंचाईत व्हायची ती शिवाजीनगर किंवा पुणे स्टेशनात उतरल्यावर. तिथून स्वारगेटला किंवा कोथरूडला जायचं तर पुन्हा बस किंवा रिक्षाच, आणि संपात दोन्ही नाहीत. मार्च २०२४ मध्ये वनाज ते रामवाडी आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पिंपरी ते स्वारगेट अशा मेट्रोच्या दोन्ही वाटा जोडल्या गेल्या आणि ही अडचण बरीचशी सुटली. शिवाजीनगरला लोकलमधून उतरून शेजारच्या मेट्रो स्टेशनात जाता येतं. पुणे स्टेशनालाही मेट्रो आहे. दोन्ही वाटा जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनात एकमेकींना छेदतात. संपाच्या दिवसाचा सगळा हिशेब या दोन-तीन जागांभोवती करायचा.

एक उदाहरण घेऊन पाहू. तळेगाव-चाकण रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी इंदोरी आहे. समजा तिथली एक बाई मंडईजवळच्या रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिला सकाळी नऊला कामावर हजर राहायचं आहे. तळेगाव स्टेशन तिच्या घरापासून साधारण सहा किलोमीटर धरू. एरवी ती बसने किंवा सहाआसनीने स्टेशनावर जाते. आज दोन्ही नाहीत.

तिने हिशेब उलटा, शेवटाकडून मांडायला हवा. नऊला रुग्णालयात म्हणजे आठ पन्नासला मंडई मेट्रो स्टेशनातून बाहेर. शिवाजीनगरहून मंडई हे तिसरं स्टेशन आहे. प्रवास सात-आठ मिनिटांचाच, पण शिवाजीनगरचं मेट्रो स्टेशन जमिनीखाली आहे. सरकते जिने, बॅगेची तपासणी, तिकिटाची रांग आणि गाडीची वाट असं सगळं धरून संपाच्या दिवशी लोकलच्या फलाटापासून मंडईत वर येईपर्यंत अर्धा तास राखून ठेवावा. म्हणजे आठ वीसला शिवाजीनगर. तळेगावहून लोकलला पाऊण तास ते पन्नास मिनिटं लागतात, म्हणून साडेसातची लोकल गाठायला हवी.

आता पुण्याच्या लोकलची मर्यादा इथे लक्षात घ्यावी लागते. मुंबईसारखी दर तीन-चार मिनिटांनी गाडी इथे नाही. सकाळीही दोन लोकलमध्ये मोठं अंतर असतं आणि दुपारी तर बराच वेळ गाडीच नसते. एक गाडी चुकली तर तासाभराचा खड्डा पडतो. त्यामुळे पहिल्या सहा किलोमीटरबाबत नशिबावर काही सोपवता येत नाही. सहा किलोमीटर चालायला सव्वा तास लागतो. तिने पावणेसहाला घर सोडलं तर वाटेत एकही वाहन मिळालं नाही तरी ती सातला स्टेशनावर असेल. मला संपाच्या दिवसाचा सगळ्यात खात्रीचा नियम हाच वाटतो. निघायची वेळ वाहन मिळेल असं धरून ठरवायची नाही, मिळणार नाही असं धरून ठरवायची. वाहन मिळालं तर अर्धा तास हातात उरतो, तो तिकिटाला कामी येतो.

शिवाय वाहन चालताना मिळतं. थांब्यावर दहा-बारा जण उभे असले की दुचाकीवाला वेग कमी करत नाही, कारण एकाला घेतलं तर बाकीच्यांना काय सांगणार? त्याच रस्त्यावर एकटा चालणारा माणूस दिसला की तो थांबतो. त्या वेळी रस्त्यावर कोण असतं, हे गावातल्या माणसाला पाठ असतं. दूध घालून परतणारे, पहिल्या पाळीला निघालेले कामगार, भाजी घेऊन बाजाराला जाणारे. चाकण आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे या पट्ट्यात कामगारांची ये-जा पहाटेच सुरू होते. लिफ्ट मागणार असाल तर घरात असलेलं जास्तीचं हेल्मेट बरोबर घ्या. दुचाकीवाल्याकडे एकच असतं आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. निदान त्या कारणाने तो नाही म्हणणार नाही. आणि बाईमाणसाने अनोळखी गाडीत बसण्याआधी नंबराचा फोटो घरी पाठवावा, तोही चालकाच्या देखत. भला माणूस त्याचा राग मानत नाही.

मग वडाप. पश्चिम महाराष्ट्रात माणसं भरून नेणाऱ्या जीपला आणि सहाआसनीला लोक वडाप म्हणतात. एसटी बंद असली की एरवी फाट्यापर्यंतच येणारं वडाप त्या दिवशी आतल्या गावांतही शिरतं. भाडं मात्र बसण्याआधी ठरवावं, आणि ते माणशी आहे की पूर्ण गाडीचं हेही. ‘बसा हो, बघू नंतर’ असं चालकाने म्हटलं की उतरताना वाद ठरलेला. आत किती जण बसलेत हे बघणं त्याहून महत्त्वाचं. मागच्या पायरीवर उभं राहायची जागा ‘अजून एक’ म्हणून देऊ केली जाते, ती घेऊ नये.

इथे कायद्याची बाजू थोडी समजून घ्यायला हवी, कारण संपाच्या दिवशी लोक मालवाहू टेंपोत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही बसतात. कंपनीची बस, शाळेची बस आणि खासगी ट्रॅव्हल्सची बस यांना एरवी वाटेत थांबत, तिकीट घेत प्रवासी नेता येत नाहीत. त्यांचा परवाना ठरलेल्या माणसांना ठरलेल्या ठिकाणी नेण्याचा असतो. थांब्याथांब्यावर प्रवासी घेण्याचा परवाना वेगळा. म्हणून रिकामी कंपनी बस आपल्यासमोरून निघून जाते तेव्हा तो चालकाचा आडमुठेपणा असेलच असं नाही. संप मोठा असला की राज्य सरकार ही अट तात्पुरती बाजूला ठेवतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप चिघळला तेव्हा सरकारने अधिसूचना काढून खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस आणि मालवाहू वाहनांनाही संप मिटेपर्यंत प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. अशी अधिसूचना निघाली आहे का, हे आदल्या रात्रीच्या बातम्यांत नक्की पाहावं. ती निघाली असेल तर कंपनीच्या बसला हात करायला हरकत नाही. गावात ज्यांची मुलं कारखान्यात आहेत त्यांना बसची वेळ आणि वळण ठाऊक असतं.

पण मुभा मिळते ती परवान्यापुरती. विम्याचा प्रश्न त्याने सुटतोच असं नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेल्या प्रवाशाला अपघात झाला तर भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं. मग भरपाई मागायची ती गाडीमालकाकडे, आणि टेंपोवाल्याकडे काय असणार? ट्रॉलीचीही हीच गत, तिचा विमा शेतीकामापुरता असतो. शेजाऱ्याने आपल्या मोटारीतून नेलं आणि आपण पेट्रोलला हातभार लावला, ती गोष्ट वेगळी. पांढऱ्या पाटीची गाडी माणशी भाडं आकारून फेऱ्या मारत असेल तर तिथेही विमा कंपनी हात वर करू शकते, कारण खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने प्रवासी नेणं बसत नाही. पिवळ्या पाटीची गाडी मिळत असेल तर तीच घ्यावी. आजारी माणसाला न्यायचं असेल आणि दुसरं काहीच नसेल तर हा विचार कुणी करत बसणार नाही, करूही नये. पण रोजच्या कामासाठी हौद्यात उभं राहून घाट उतरणं मला मान्य नाही.

आपली परिचारिका सातला तळेगाव स्टेशनात पोचली. खिडकीवर त्या दिवशी रांग लांब असते, कारण एरवी बसने जाणारे सगळे आज लोकलला आलेले असतात आणि त्यांच्याकडे पास नसतो. रेल्वेच्या मोबाइल अॅपवर तिकीट काढता येतं, पण स्टेशनाच्या हद्दीत शिरल्यावर ते साध्या पद्धतीने निघत नाही. तिथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो आणि गर्दीत तो शोधणं, नेट चालणं, सगळंच जिकिरीचं होतं. म्हणून तिकीट घरातून निघतानाच काढावं. घाईत समोर आलेल्या एक्स्प्रेसमध्येही चढू नये. लोकलचं तिकीट तिथे चालत नाही, आणि पकडलं तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड.

लोकल चुकलीच, तर तासभर फलाटावर बसून राहू नये. स्टेशनाजवळच जुना मुंबई-पुणे रस्ता आहे. लिंब फाट्यावर उभं राहिलं की निगडीकडे जाणारी खासगी वाहनं मिळण्याची शक्यता गावातल्या रस्त्यापेक्षा खूप जास्त. निगडीच्या पुढे पिंपरीपर्यंत पोचलं की मेट्रो सुरू होते आणि तिथून मंडई एकाच गाडीत. म्हणजे इथेही पुण्यापर्यंत नेणारं वाहन शोधायचं नाही. वीसेक किलोमीटरवरच्या पहिल्या मेट्रो स्टेशनापर्यंत नेणारं पुरतं.

ज्या बाजूला रूळ नाहीत तिथे हे गणित अवघड होतं, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वाघोलीकरांना रामवाडीचं मेट्रो स्टेशन गाठायचं तर आठ-नऊ किलोमीटर नगर रस्त्यावरून जावं लागतं. सासवडकरांची स्थिती त्याहून वाईट. मिरज मार्गावर ‘सासवड रोड’ नावाचं स्टेशन आहे, पण ते सासवडजवळ नाही, दिवे घाट उतरून पुण्याच्या कडेला, हडपसर-फुरसुंगीच्या बाजूला आहे. त्याच मार्गावरचं ‘आळंदी’ स्टेशनही देवाच्या आळंदीचं नव्हे. नकाशावर नाव पाहून कुणी तिकडे निघालं तर दिवस वाया जाईल. जेजुरीला गाडी आहे, पण मोजक्याच वेळांना. अशा गावांसाठी खरा उपाय आदल्या रात्री चार-पाच जणांनी मिळून पिवळ्या पाटीची एक जीप हडपसरपर्यंत ठरवणं हाच. तिथून पुढे पुणे स्टेशनाला जाणारी दौंडकडची गाडी आधी पाहून ठेवावी आणि जीपची वेळ तिच्यावरून ठरवावी. जीप शहरात आत नेण्याचा आग्रह धरू नये. संपाच्या दिवशी शहरात खासगी गाड्यांची गर्दी होते, शिवाय चौकाचौकांत आंदोलक प्रवासी नेणाऱ्या गाड्या अडवतात. असं अडवलं तर हुज्जत न घालता उतरावं. काच फुटली तर ती त्या चालकाची फुटते, आणि महिनाभराची कमाई जाते.

परतीचा प्रवास जाण्याहून कठीण असतो, कारण सकाळी माणसं वेगवेगळ्या वेळी निघतात आणि संध्याकाळी सगळी एकदम. सहा ते साडेसातच्या मधे शिवाजीनगरच्या फलाटावर उभं राहायला जागा नसते. साहेबांना सांगून पाचला सुटता आलं तर सुटावं. तेवढी सवलत त्या दिवशी बहुतेक ठिकाणी मिळते, मागायला मात्र हवी. पुणे स्टेशन जवळ असेल तर शिवाजीनगरऐवजी तिथेच जाऊन चढावं, कारण लोकल तिथून सुटते आणि बसायला मिळतं. इंदोरीच्या परिचारिकेला तळेगावात उतरल्यावर पुन्हा सहा किलोमीटर आहेत, आणि आता अंधार. सकाळी चालत येणं तिला परवडलं, रात्री त्या रस्त्यावरून एकटीने जाणं परवडणार नाही. म्हणून घरच्या कुणीतरी दुचाकीवर स्टेशनात यायचं, हे सकाळी निघतानाच ठरवून ठेवायचं. ते जमणार नसेल तर गावातल्याच दुसऱ्या कुणाबरोबर एकाच लोकलने परतावं.

दुपारी ‘संप मागे’ अशी बातमी आली तरी हा बेत मोडू नये. संप मागे घेतल्यावर चालक-वाहकांनी आगारात यायचं, हजेरी लावायची, गाडी तपासून ताब्यात घ्यायची, मग ती मार्गावर निघते. शहरातल्या मुख्य मार्गांवर दोन-तीन तासांत बस दिसू लागते. पण गावाकडची मुक्कामी फेरी त्या रात्री येतेच असं नाही, आणि ती आली नाही तर दुसऱ्या दिवशी पहाटेचीही नाही. संप मिटल्याच्या आनंदात लोकल सोडून स्वारगेटला किंवा वाकडेवाडीच्या स्थानकात बसची वाट पाहत राहिलेली माणसं रात्री नऊला तिथेच असतात. आपल्या गावाची पाटी लावलेली गाडी फलाटावर डोळ्यांनी दिसेपर्यंत संप चालूच आहे असं धरावं.